बाबांचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो, संध्याकाळी बोटीवरच्या भावाचा कॉल धड लागत नाही

सत्तरीची_लेक (शनिवार, दुपारी ३:४०)

नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी पणजीला असते, घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. घरी आई-बाबा दोघंच. आमच्या वाड्यावर ब्रॉडबँड आलेलं नाही, त्यामुळे सगळा कारभार मोबाइल डेटावर. बाबांच्या नंबरावर रोज दीड जीबीचा पॅक आहे आणि एरवी तो रात्रीपर्यंत पुरायचा. चवथ जवळ आल्यापासून मात्र दुपारी दोन-अडीचलाच ‘डेटा संपला’ असा मेसेज येतो. आज मी घरी आहे, आजही तसंच झालं.

भाऊ बोटीवर आहे. बोट बंदराला लागली की तो संध्याकाळी व्हॉट्सॅपवर कॉल करतो. तेव्हा नेमका इकडे डेटा संपलेला असतो आणि स्क्रीनवर Reconnecting एवढंच दिसत राहतं. आई फोन कानाला लावून बसून राहते, ते बघवत नाही.

बाबा यूट्यूब फारसं लावत नाहीत. माझा संशय व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर आहे. चवथीच्या तयारीचे, घुमट आरतीच्या सरावाचे, माटोळीच्या सामानाचे फोटो आणि व्हिडिओ सकाळपासून पडत असतात. त्यांच्या फोनवर Media visibility बंद केलंय, आरतीचा ग्रुप म्यूट केलाय, तरी काडीचा फरक नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं पूर्ण बंद कसं करायचं? आणि कॉलला डेटा कमी लागेल असं काही करता येतं का?

भजनीबुवा (३:५८)

माझा पण हाच त्रास आहे हो ताई. फोन सारखा ‘जागा नाही’ म्हणतो. आमच्या मंडळाचे व्हिडिओ मीच ग्रुपवर टाकतो आणि मग माझाच फोन भरतो. मुलगा मधे मधे येऊन जुने व्हिडिओ पुसून देतो, मग चार दिवस बरं चालतं. तुम्ही पण बाबांच्या फोनमधले व्हिडिओ पुसून बघा.

वाघेरी (४:१०)

बुवा, त्यांचा प्रश्न जागेचा नाही, डेटाचा आहे. पुसल्याने जागा मोकळी होते, खर्च झालेला डेटा थोडाच परत येतो.

ताई, सोपा उपाय सांगतो. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या यादीत व्हॉट्सॅप उघडा, तिथे Mobile data मध्ये Background data बंद करा. व्हॉट्सॅप उघडलेलं नसेल तेव्हा काही उतरणारच नाही. मी दोन वर्षं असंच वापरतोय, एक जीबीत दिवस निघतो.

मांडवीकाठ (४:३५)

वाघेरी म्हणतात त्याने डेटा वाचेल हे खरं, पण ताईंच्या घरी तो उपाय चालायचा नाही. बॅकग्राउंड डेटा बंद असला की व्हॉट्सॅप उघडलेलं नसताना येणारा कॉल वाजेलच याचा भरवसा राहत नाही. कधी उशिरा वाजतो, कधी नुसता मिस्ड कॉल दिसतो. त्यांना तर भावाचा कॉल हवाय. फोनचा Data saver चालू केला तरी तीच अडचण येते. तो वापरायचाच असेल तर त्यातल्या Unrestricted data च्या यादीत व्हॉट्सॅप घालावं लागतं.

ताई, म्हापशाला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि या दिवसांत हीच तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. आधी दोन खुलासे. Media visibility चा डेटाशी काही संबंध नाही. उतरलेला फोटो गॅलरीत दाखवायचा की नाही, एवढंच ते ठरवतं. ते बंद असलं तरी फोटो उतरतो, फक्त दिसत नाही. म्यूट केल्याने आवाज थांबतो, उतरणं थांबत नाही.

आता सेटिंगला हात लावण्याआधी एक बघून सांगा. बाबांच्या फोनच्या Settings मध्ये Data usage उघडा, व्हॉट्सॅपच्या आतलं नव्हे, फोनचं. तिथे कोणी किती मोबाइल डेटा खाल्ला याची यादी असते. आजचे वरचे तीन-चार आकडे इथे लिहा.

सत्तरीची_लेक (५:०२)

बघितलं. सगळ्यात वर Hotspot, 1.02 जीबी. त्याखाली व्हॉट्सॅप, 340 एमबी. मग क्रोम आणि बारीकसारीक.

हॉटस्पॉट आईसाठी लावतात. तिच्या नंबरावर फक्त कॉलपुरतं रिचार्ज आहे, डेटा नाही. सकाळी बाबा हॉटस्पॉट चालू करतात आणि तो दिवसभर तसाच असतो. पण आई काहीच बघत नाही. मेसेज वाचते, कोणाला ‘शुभ सकाळ’ पाठवते, एवढंच.

मांडवीकाठ (५:२०)

सापडलं. डेटा बाबांच्या फोनमधून जातोय, पण खाणारा फोन आईंचा आहे.

आईंचा फोन बाबांच्या हॉटस्पॉटला जोडला की त्याच्या लेखी ते वायफाय. आणि व्हॉट्सॅप जसं कंपनीकडून येतं तसंच ठेवलं, तर मोबाइल डेटावर ते फक्त फोटो आपोआप उतरवतं, पण वायफायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळंच. म्हणजे बाबांच्या फोनवर व्हिडिओ बहुधा उतरतच नसणार, म्हणून तिथे 340. आईंच्या फोनला वाटतं घरी फुकटचं वायफाय आहे, म्हणून तो प्रत्येक ग्रुपमधला प्रत्येक व्हिडिओ ओढून घेतो. त्या उघडून बघतात की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खात्री करायची तर आईंच्या फोनवर व्हॉट्सॅप उघडा, Settings, मग Storage and data, मग Network usage. तिथे Media समोर किती आलंय ते दिसेल. या आकड्यात मोबाइल आणि वायफाय दोन्ही एकत्र मोजलेलं असतं आणि अ‍ॅप टाकल्यापासूनचं असतं, त्यामुळे आकडा मोठा दिसला तर घाबरू नका. अगदी खाली Reset statistics आहे. ते दाबा आणि उद्या याच वेळी परत बघा.

एक गंमत आणखी बघा. आईंच्या फोनच्या Data usage मध्ये मोबाइल डेटा शून्य दिसेल. तिथे नुसतं बघणारा माणूस ‘या फोनवर काही खर्च नाही’ असंच म्हणणार.

सत्तरीची_लेक (५:३८)

अगदी तसंच आहे. मोबाइल डेटा शून्य. आणि आई तीन मोठ्या ग्रुपांत आहे: महिला मंडळाचा, माहेरचा आणि वाड्यावरच्या चवथीचा. बाबा एकाच ग्रुपात आहेत.

आता नेमकं काय बंद करू?

मांडवीकाठ (६:०५)

आईंच्या फोनवर व्हॉट्सॅपच्या Settings मध्ये Storage and data उघडा. तिथे Media auto-download खाली तीन ओळी आहेत: When using mobile data, When connected on Wi-Fi आणि When roaming. मधली उघडा, चारही टिका काढा आणि OK करा. त्या ओळीखाली No media असं दिसलं की झालं. पहिल्या ओळीतही तसंच करा. रोमिंगची मुळातच बहुधा बंद असते, तरी नजर टाका. मग बाबांच्या फोनवरही हेच.

मुद्दाम सांगतो, कारण दुकानात येणारे बहुतेक जण फक्त मोबाइल डेटाची ओळ बंद करून आलेले असतात. ज्या घरात वायफाय म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी हॉटस्पॉट आहे, तिथे खरा खर्च मधल्या ओळीतून होतो.

नंतर काय बदलेल तेही आईंना सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल फोन बिघडला. प्रत्येक फोटो धूसर दिसेल, त्यावर खाली बाण आणि किती केबी-एमबी ते लिहिलेलं असेल. हवा असेल तो दाबायचा, तेवढाच उतरतो. त्यातही दोन मर्यादा आहेत. व्हॉइस मेसेज या सेटिंगला जुमानत नाहीत, ते नेहमी आपोआप उतरतात. पण ते लहान असतात, मिनिटाला पाव एमबीच्या आत, त्यामुळे त्यांची काळजी नको. दुसरं, न उतरवलेला फोटो सर्व्हरवर कायम राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दाबायला गेलात तर पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असं येतं. म्हणून घरचे, लग्नकार्याचे फोटो आले की त्याच आठवड्यात उतरवून घ्यायची सवय लावा.

विद्या_फोंडा (६:३०)

मी शाळेत शिकवते. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर परिपत्रकं येतात, ती मला आपोआप उतरलेली हवीत, पण फॉरवर्डचे व्हिडिओ नकोत. एकाच ग्रुपसाठी वेगळं ठेवता येतं का?

मांडवीकाठ (६:४१)

व्हॉट्सॅपमध्ये नाही येत. ग्रुपनिहाय फक्त Media visibility बदलता येतं, उतरणं सगळ्या चॅटना सारखंच लागू होतं. तुम्ही प्रकारानुसार ठेवा: Documents ची टीक राहू द्या, Videos ची काढा. परिपत्रकं पीडीएफ असतील तर काम भागेल. कोणी त्याच परिपत्रकाचा फोटो काढून टाकला तर मात्र तो दाबूनच घ्यावा लागेल.

टेलिग्राममध्ये हे जास्त बारकाईने करता येतं. तिथे Data and Storage मध्ये मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग यांच्या आत गेलात की ओळखीचे लोक, खासगी चॅट, ग्रुप, चॅनेल असं वेगवेगळं निवडता येतं आणि व्हिडिओ किती एमबीपर्यंतचा उतरावा ही मर्यादाही घालता येते.

वाघेरी (६:५५)

मी आणखी एक सुचवतो. आईच्या फोनवर त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन Network usage मध्ये Treat as metered करा. म्हणजे फोनलाच कळतं की हे मोजून मिळणारं नेट आहे, आणि मग कुठलंच अ‍ॅप उधळपट्टी करत नाही. व्हॉट्सॅपमध्ये शिरायचीही गरज नाही.

मांडवीकाठ (७:१२)

पहिलं वाक्य पटलं, दुसरं नाही. metered जरूर करा. प्ले स्टोअर ‘फक्त वायफायवर अपडेट’ वर ठेवलेलं असतं आणि हॉटस्पॉटलाही वायफाय समजून तीस-चाळीस एमबीचं एकेक अ‍ॅप अपडेट करत बसतं, गूगल फोटो बॅकअप घेतं. ते याने थांबतं. पण व्हॉट्सॅप त्या खुणेकडे बघतंच असं धरून चालू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या फोनांत काहींवर फरक पडला, काहींवर नाही. व्हॉट्सॅपच्या चार टिका काढणं हाच खात्रीचा मार्ग.

वाघेरी (७:२०)

माझ्या फोनवर पडतो फरक. पण ठीक आहे, दोन्ही केलेलं बरं.

भजनीबुवा (७:४५)

मी वाचत होतो. म्हणजे मी सरावाचा एक व्हिडिओ टाकला की ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर तो उतरतो? आमच्या ग्रुपात दीडशे माणसं आहेत. पुष्कळजण सत्तरी-डिचोलीच्या आतल्या गावांतले. त्यांचा डेटा माझ्यामुळे जातो हे मला कोणी बोललं नव्हतं. आता मी आरती व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू काय? नाहीतरी सरावाला चाल आणि घुमटाचा ठेका ऐकू आला की पुरे, तोंडं कशाला दिसायला हवीत.

मांडवीकाठ (८:०३)

बुवा, हे फार चांगलं सुचलं तुम्हाला. दहा मिनिटांच्या व्हिडिओला जिथे पन्नास-साठ एमबी लागतात, तिथे आवाजाला दोन एमबीही लागणार नाहीत. व्हॉइस मेसेज सगळ्यांकडे आपोआप उतरेल, पण एवढ्याने कोणाचा पॅक संपत नाही. फक्त त्यात आवाज बराच दाबला जातो, घुमटाचा भरीव नाद आणि शामेळाची थाप वेगळी ऐकू येईल असं नाही. चाल पाठ करायला पुरे. नाद नीट हवा असेल तर रेकॉर्डरवर घेऊन ऑडिओ फाइल म्हणून जोडा, मग ज्याने Audio ची टीक काढलीय तो आपल्या सोयीने दाबून उतरवेल.

व्हिडिओ टाकायचाच झाला तर Storage and data मध्ये Media upload quality आहे, ते Standard वर ठेवा. HD ने तुमचाही डेटा जास्त जातो आणि बघणाऱ्यांचाही.

काणकोणकर (८:१५)

आयफोनवर हे कुठे मिळतं? माझ्याकडे तीन ओळी दिसत नाहीत.

मांडवीकाठ (८:२२)

आयफोनवर उलटं मांडलंय. Storage and data मध्ये Photos, Audio, Video, Documents अशा ओळी आहेत आणि प्रत्येकीत Never, Wi-Fi, Wi-Fi and Cellular यांतलं एक निवडायचं. कोणाच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर Never.

सत्तरीची_लेक (८:४०)

दोन्ही फोनवर केलं, No media दिसतंय. metered सुद्धा केलं. आईला धूसर फोटो दाखवले. माहेरच्या ग्रुपवर मावशीच्या नातवाचा फोटो होता, तेवढा तिने लगेच दाबून घेतला, बाकी तसेच ठेवले.

आता कॉलचं सांगा. आजचा पॅक संपलाच आहे, भावाचा कॉल नऊच्या सुमारास येईल.

मांडवीकाठ (८:५२)

लवकर लिहितो. दोन्ही फोनवर त्याच Storage and data मध्ये Use less data for calls आहे, ते चालू करा. आईंच्या फोनचा हॉटस्पॉट काढा आणि कॉल बाबांच्या फोनवरच घ्या. व्हिडिओ नको, साधा व्हॉइस कॉल. भावालाही तेच सेटिंग चालू करायला सांगा.

कारण असं. रोजचा पॅक संपला की नेट पूर्ण तोडत नाहीत, बहुतेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर आणतात. म्हणजे सेकंदाला आठ केबी. सोळा एमबीचा एक व्हिडिओ त्या वेगाने उतरायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. आत्तापर्यंत काय होत होतं, तर पॅक संपल्यावरही आईंच्या फोनचे राहिलेले व्हिडिओ त्या बारक्या वाटेने येतच राहायचे आणि भावाच्या आवाजाला वाट मिळायची नाही. व्हॉइस कॉल एकटाच असेल आणि कमी डेटावर असेल, तर तो 64 मध्येही मावतो. आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातल्यासारखा येईल, पण तुटणार नाही.

सत्तरीची_लेक (१०:०५)

लागला! सोळा मिनिटं बोललो. मधे दोनदा आवाज गेला आणि आपोआप परत आला. आई शेवटपर्यंत बोलली. मांडवीकाठदादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

कॉल्सच्या यादीत त्या कॉलवर दाबलं तर खाली वेळेशेजारी 4.6 एमबी असं दिसतंय. हा त्याच कॉलचा खर्च का?

मांडवीकाठ (१०:२०)

होय, गेलेला आणि आलेला मिळून. मिनिटाला तीनशे केबीच्या आत बसला, छान आहे. सेटिंग बंद असताना व्हॉइस कॉलला मिनिटाला अर्धा एमबी किंवा थोडा जास्त धरा. व्हिडिओ कॉलला त्याच्या दहापट आणि नेट चांगलं असेल तर त्याहूनही जास्त, कारण वेग मिळेल तसं चित्र सुधारत नेतात आणि सेटिंग चालू केल्यावर त्याला थोडा आवर बसतो इतकंच.

आवाजाचा खर्च एका मर्यादेखाली जात नाही, याचंही कारण सांगतो. आवाजाचे बारीक तुकडे करून पाकिटात घालून पाठवतात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहावा लागतो. सेकंदाला पन्नास पाकिटं गेली तर नुसत्या पत्त्यांनाच सोळा केबीपीएस लागतात, आणि तेही दोन्ही दिशांनी. आवाज कितीही दाबला तरी पत्ते लागणारच. आपण गप्प बसलो तरी कॉल चालू असेतोवर खर्च चालूच असतो, हेही लक्षात ठेवा.

दर्यावर्दी (११:३०)

मी सध्या रजेवर आहे, मडगावला. एरवी मालवाहू बोटीवर असतो, म्हणून भावाच्या बाजूने दोन शब्द लिहितो. बंदरात किनाऱ्याचं सिम असलं की कॉल ठीक होतो. भर समुद्रात मात्र आमच्या बोटीवर उपग्रहाचं नेट मोजून मिळतं, माणशी ठराविक एमबी. तिथे घरून आलेला एक व्हिडिओ आपोआप उतरला की आठवड्याचा हिशोब कोलमडतो. भावाला सांगा, बोटीवरचं नेट फोनला वायफाय म्हणूनच दिसतं, त्यामुळे त्यानेही ती मधली ओळ बंद करायला हवी.

आणि समुद्रात असताना कॉलपेक्षा व्हॉइस मेसेज बरा. बोलणं पोचायला वेळ लागतो, दोघं एकदम बोलतात, आणि कॉल तुटला की तेवढे एमबी गेलेच. आई जे बोलते ते रेकॉर्ड होऊन पाठवलं की नेट मिळेल तेव्हा पोचतं आणि पुन्हा पुन्हा ऐकता येतं. मी तर आईचे सगळे जपून ठेवलेत.

एक विचारायचं होतं. Use less data for calls एकाच बाजूने चालू केलं तर दोन्ही बाजूंचा खर्च कमी होतो का?

काणकोणकर (रविवार, सकाळी ८:१०)

माझ्या मते हो, ज्याने चालू केलं त्याच्या मागणीप्रमाणे समोरचा फोनही आवाज कमी पाठवतो.

मांडवीकाठ (८:४५)

सिग्नल नावाच्या अ‍ॅपमध्ये अशा सेटिंगचा दोन्हीकडे परिणाम होतो, व्हॉट्सॅपबद्दल मी तसं छातीठोकपणे म्हणणार नाही. आपला फोन किती पाठवतो हे आपल्या हातात असतं, येतो तो समोरच्याने पाठवलेला. म्हणून मी दोन्हीकडे लावायला सांगतो. तपासायचं असेल तर Network usage मध्ये Calls चे गेलेले आणि आलेले आकडे वेगवेगळे दिसतात. Reset करून एकदा एकाच बाजूने चालू ठेवून दहा मिनिटं बोला, मग दोन्ही बाजूंनी. आलेला आकडा तेवढाच राहिला तर उत्तर मिळालं. दर्यावर्दीदादा, तुम्ही रजेवर आहात तोवर कोणाबरोबर तरी करून बघा आणि इथे लिहा.

सत्तरीची_लेक (पुढचा शनिवार, सायंकाळी ७:१५)

आठवडाभरानंतरची नोंद. आज संध्याकाळी सातला बाबांच्या पॅकमधले 690 एमबी शिल्लक आहेत, आणि आज तर सकाळपासून माटोळीच्या बाजाराचे व्हिडिओ चालू होते. Hotspot च्या नावावर 410 एमबी दिसतात. आईच्या व्हॉट्सॅपमध्ये Reset केल्यापासून Media खूपच कमी आहे, पण Status समोर बराच आकडा दिसला. ती स्टेटस एकामागोमाग एक बघते, त्यातले व्हिडिओ असणार. ते मी बंद करायला सांगणार नाही, तिची करमणूक आहे ती.

एक अडचण अजून आहे. परवा रात्री पॅकमध्ये डेटा असूनही कॉल लागेना. पाऊस होता, लाइट गेली होती.

मांडवीकाठ (७:४०)

स्टेटसवर हे चार टिकांचं सेटिंग पुरेसं चालत नाही, तिथे न बघणं हाच उपाय, तेव्हा आईंना बघू द्या.

परवाचं मात्र डेटाचं दुखणं नाही. लाइट गेल्यावर थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही उतरते, मग फोन दूरच्या टॉवरला चिकटतो. ओळखायची खूण अशी: पॅक संपलेला असेल तर मेसेज हळूहळू का होईना जातात, एक टीक पडते. टॉवर गेला असेल तर मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह अडकून राहतं आणि वर 4G ऐवजी E किंवा काहीच दिसत नाही. अशा वेळी व्हॉट्सॅपमध्ये काही करण्यात अर्थ नाही. सिग्नल कुठे मिळतो ते अंगणात फिरून बघा.

वाघेरी (८:०५)

आमच्याकडे देवळाच्या पायरीवर मिळतो. लाइट गेली की अर्धा वाडा तिथे.

दर्यावर्दी (८:३०)

मी भाच्याबरोबर करून बघितलं. फक्त माझ्या फोनवर चालू असताना माझा गेलेला आकडा कमी झाला, आलेला थोडासाच. दोन्हीकडे चालू केल्यावर दोन्ही कमी. पण माझा अँड्रॉइड, त्याचा आयफोन, आणि तो मडगाव स्टेशनाजवळ वायफायवर होता. दोन्ही अँड्रॉइड मोबाइल डेटावर असताना कोणी करून बघेल का?

भजनीबुवा (८:५०)

मी आणि आमचा पेटीवाला, दोघांकडे अँड्रॉइड आहेत. उद्या सरावानंतर बघतो. Reset statistics नेमकं कुठे ते परत एकदा सांगा.